मोठा नंबर, पातळ कॉर्निया: आयसीएलची पार्श्वभूमी

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेझर कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, झिजवतो. ६ मिलिमीटरच्या भागात एक नंबर उतरवायला ढोबळमानाने १२ मायक्रॉन जाडी जाते. उणे १२ चा नंबर असेल तर १४४ मायक्रॉन गेले. कॉर्निया ४७० मायक्रॉनचा असेल आणि लॅसिक या लेझर ऑपरेशनमध्ये वरचा पापुद्रा ११० चा निघत असेल, तर खाली उरतात जेमतेम २१६. किमान २५० तरी शिल्लक राहावेत, असा संकेत आहे. लॅसिकनंतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगल्याच्या घटना १९९८ च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हापासून हा हिशोब डॉक्टर काटेकोरपणे पाहू लागले. अशा डोळ्याला लेझर नाकारला जातो, तो यामुळे.

कॉर्नियाला हात न लावता, नैसर्गिक लेन्सही न काढता, आत आणखी एक लेन्स बसवण्याचा, म्हणजे आयसीएलमागचा, विचार मात्र लेझरपेक्षा जुना आहे. १९५० च्या दशकात इटलीत स्ट्राम्पेली आणि बार्सिलोनात बाराकेर यांनी बाहुलीच्या पुढच्या कप्प्यात कडक प्लास्टिकच्या लेन्स बसवल्या. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, आणि या लेन्स नेमक्या त्याच पेशींना इजा करत. बाराकेर यांना निम्म्याहून अधिक लेन्स परत काढाव्या लागल्या. १९८० च्या दशकात मॉस्कोत फ्योदोरोव यांनी लेन्स आयरिसच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, मागे नेली. कॉर्निया वाचला, पण लेन्स नैसर्गिक लेन्सला इतकी खेटून बसे की मोतीबिंदू होई.

‘स्टार सर्जिकल’ या कंपनीने कोलामर वापरले: पाणी धरणाऱ्या मऊ प्लास्टिकमध्ये डुकराचे कोलॅजेन, तेही अत्यल्प. घडी घालून सुमारे ३ मिलिमीटरच्या छेदातून ही लेन्स आत जाते. पहिली लेन्स १९९३ मध्ये बसली; अमेरिकेची मान्यता २००५ मध्ये आली. तरी एक अडचण होतीच. डोळ्यातले पाणी आयरिसच्या मागे तयार होऊन बाहुलीतून पुढे येते, आणि ही वाट लेन्स अडवत असे. म्हणून आधी आयरिसला लेझरने भोके पाडावी लागत. जपानचे डॉ. किमिया शिमिझू यांनी लेन्सच्या मध्यभागीच ०.३६ मिलिमीटरचे छिद्र ठेवले. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. पाणी छिद्रातून वाहू लागले, आधीची भोके टळली आणि मोतीबिंदूचे प्रमाणही खूप खाली आले.

मापाचा प्रश्न छिद्राने सुटला नाही. बसवलेली लेन्स आणि नैसर्गिक लेन्स यांच्यात साधारण २५० ते ७५० मायक्रॉन अंतर हवे. लेन्स टेकते ती जागा आयरिसच्या मागे असल्याने माप बरेचदा बाहेरून, कॉर्नियाच्या रुंदीवरून काढतात, आणि ते चुकू शकते. लेन्स लहान पडली तर अंतर उरत नाही आणि मोतीबिंदूची शक्यता वाढते. मोठी झाली तर आयरिस पुढे ढकलला जातो, पाणी झिरपण्याचा कोन अरुंद होतो. ऑपरेशननंतर काही तासांत डोके आणि डोळा ठणकला, मळमळले, धूसर दिसले तर दाब वाढल्याचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अंतर ओसीटी या डोळ्याच्या स्कॅनवर मोजता येते; ते फारच चुकले असेल तर लेन्स काढून दुसऱ्या मापाची बसवतात.