अडकून पडलेलं एक काम: एजिंग चार्टची पार्श्वभूमी

कोल्हापुरात साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमचं वर्ष गाळप हंगामाभोवती फिरतं. ऊस नोंद, तोडणी-वाहतूक, काट्यावरचं वजन, शेतकऱ्यांची बिलं, सगळं हंगाम सुरू व्हायच्या आत चालतं-बोलतं लागतं. टीमचा सरासरी सायकल टाइम, म्हणजे काम हातात घेतल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा वेळ, चांगला असला तरी एखादं काम ऐन तोंडावर अर्धवट निघतं. सरासरीत त्याचा पत्ता लागत नाही. तो लागावा म्हणून ‘एजिंग वर्क इन प्रोग्रेस’ हा चालू कामांचं वय दाखवणारा चार्ट आला, आणि कानबानच्या, म्हणजे चालू कामांवर मर्यादा घालून काम पुढे नेण्याच्या पद्धतीच्या, एकूण इतिहासात तो बराच उशिरा आला.

कानबानचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात आहे. ताइइची ओहनो यांनी तिथे कार्डांच्या मदतीने चालू कामावर मर्यादा घातली: कार्ड परत आल्याशिवाय नवा माल बनवायचा नाही. कारखान्यात अडकलेला माल डोळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याचं वय मोजणाऱ्या वेगळ्या आलेखाची तितकी निकड नसते. मर्यादा का उपयोगी पडते याची गणिती बाजू दुसरीकडून आली. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी रांगांच्या एका सूत्राची सिद्धता प्रसिद्ध केली: रांगेत सरासरी किती जण असतात ते येण्याचा सरासरी वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ इतकं असतं. म्हणजे चालू कामं कमी ठेवली आणि वेग तोच राहिला, तर वेळ कमी होतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे आणलं डेव्हिड अँडरसन यांनी, २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या एका देखभाल टीमबरोबर. ती टीम हैदराबादला बसत होती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. आगाऊ अंदाज देण्यात जाणारा वेळ थांबवला, चालू कामांवर मर्यादा घातली, आणि महिनोन्‌महिने लागणारे बदल काही आठवड्यांत होऊ लागले. पुढे या पद्धतीबरोबर कोणत्या टप्प्यात किती कामं आहेत ते रंगीत पट्ट्यांनी दाखवणारा क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम रुळला, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाचा एक ठिपका दाखवणारा सायकल टाइमचा आलेखही.

दोन्ही आलेख उपयोगाचे आहेत, पण एकाच जागी कमी पडतात. रोज एक काम आत येतंय आणि एक बाहेर जातंय, तर पट्ट्या समांतरच राहतात. त्या पट्टीत एक काम तीन आठवडे बसून असेल आणि बाकीची त्याला ओलांडून जात असतील, तरी रंगात फरक पडत नाही. सायकल टाइमच्या आलेखात तर फक्त पूर्ण झालेली कामं असतात. अडकलेलं काम तिथे दिसेल ते सुटल्यावर, म्हणजे करण्यासारखं काही उरलेलं नसताना. लिटल यांचं सूत्रही सरासरीचं आहे. मर्यादित काळासाठी ते टीमला लावायचं तर चालू कामांचं सरासरी वय वाढत किंवा घटत जाता कामा नये, ही अटही पाळावी लागते. अट पाळली जातेय का, हे बघायला कामांचं वय मोजणं आलंच.

ही बाजू लावून धरली डॅनियल वकांती यांनी. अँडरसन यांच्याबरोबर सुरुवातीच्या काळात काम केलेले हे गृहस्थ. वय हा स्वतंत्र मापदंड आहे आणि रोज बघायचा तोच आहे, असं ते मांडत राहिले. २०१८ च्या स्क्रम टीमसाठीच्या कानबान मार्गदर्शिकेत आणि २०२० च्या कानबान गाइडमध्ये कामाचं वय चार मूळ मापांत आलं. बाकीची तीन म्हणजे चालू कामं, सायकल टाइम आणि थ्रूपुट, म्हणजे ठरावीक काळात पूर्ण होणारी कामं. माझ्या मते या चारांत सर्वांत कामाचं हेच, कारण काम हातात असताना त्याच्याबद्दल काही सांगणारं दुसरं माप नाही.

चार्ट वाचायचा कसा, ते एका नमुन्याच्या टीमवर बघू. बोर्डावर रकाने तीन: विश्लेषण, डेव्हलपमेंट, टेस्टिंग. आडव्या अक्षावर हे रकाने, उभ्यावर वय दिवसांत, आणि प्रत्येक चालू कामाचा एक ठिपका. वय काढायला शीटमध्ये एवढं पुरतं, B2 मध्ये काम हातात घेतल्याची तारीख असेल तर:

```
=TODAY()-B2+1
```

शेवटचा एक मिळवायचा, कारण आज सुरू केलेल्या कामाचं वय एक दिवस धरतात. गेल्या दोन महिन्यांत टीमने ४० कामं पूर्ण केली. त्यातली २० पाच दिवसांत झाली, ३४ अकरा दिवसांत, आणि सहांना त्याहून जास्त लागले. म्हणून ५ दिवसांवर ५० टक्क्यांची आडवी रेघ आणि ११ दिवसांवर ८५ टक्क्यांची.

आज चार्टवर पाच ठिपके आहेत. दोन खाली, नुकते आलेले. तिसरा टेस्टिंगमध्ये १३ दिवसांवर, ८५ च्या रेघेच्या वर: काट्यावरचं वजन थेट पावतीत आणण्याचं काम. कोड तयार आहे, पण खरा काटा कारखान्यात आहे आणि तिथे कुणी फोन केलेला नाही. ‘टेस्टिंग चालू आहे’ असं रोज सांगितलं जात होतं, वय सांगितलं जात नव्हतं. हा ठिपका कुणालाही दिसेल.

खरं वाचन पुढच्या दोघांचं. एक टेस्टिंगमध्ये ९ दिवसांवर, दुसरा डेव्हलपमेंटमध्ये ७ वर. उंची पाहिली तर पहिला जास्त काळजीचा वाटतो. पण पूर्ण झालेली कामं कोणत्या वयाला कोणता रकाना सोडून गेली, तेही चांगल्या चार्टमध्ये रंगांनी दाखवलेलं असतं. या टीमची ८५ टक्के कामं ५ दिवसांच्या वयाला डेव्हलपमेंटमधून बाहेर पडलेली होती. म्हणजे ७ दिवसांचं काम मागे पडलंय, आणि पुढे अख्खं टेस्टिंग बाकी आहे. ९ दिवसांचं मात्र नेहमीच्या चालीने चाललंय. शिवाय पाच दिवस ओलांडले की शक्यताही बदलते. सुरुवातीला ४० पैकी ६, म्हणजे १५ टक्के कामं अकरा दिवसांच्या वर जायची. पाच दिवसांत न झालेल्या २० मध्ये तीच ६ आहेत, म्हणजे ३० टक्के. रेघ ओलांडेपर्यंत वाट बघू नये ती यासाठी. त्याच दिवशी दुसऱ्याने मदतीला बसायचं, किंवा कामाचे दोन तुकडे करायचे.

चार्ट खोटा पडायच्या वाटाही ठरलेल्या आहेत. अडकलेलं काम परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे अजून हातात न घेतलेल्या कामांच्या यादीत, टाकून पुन्हा घेतलं आणि तारीख नव्याने पडली, की म्हातारं काम तरुण होतं. ‘होल्ड’ नावाचा रकाना करून तो चार्टबाहेर ठेवला तरी तेच. सुरुवातीची तारीख एकदाच पडावी, आणि ग्राहकाकडून उत्तर यायचं असलं तरी घड्याळ चालू राहावं.

दुसरी वाट कमी लक्षात येते. हंगामाआधी टीम नेट लावून जुनी रखडलेली कामं संपवते. ते योग्यच. पण त्यांचे मोठे सायकल टाइम आकडेवारीत शिरतात आणि ८५ ची रेघ ११ वरून वर सरकते. मग १३ दिवसांचं काम रेघेखाली, नेहमीचंच दिसू लागतं. म्हणून अशा साफसफाईनंतर रेघ नव्याने काढण्याआधी जुनी रेघ काही आठवडे तशीच ठेवावी, आणि ११ दिवस जमतात हे माहीत असताना जास्तीचे मान्य आहेत का, हे टीमने बसून ठरवावं.