कमिशन पक्कं होणं वेगळं, कमिशन देय होणं वेगळं : एजन्सी करार सही करण्याआधी हे बघा

सेल्स एजंटच्या करारात दोन गोष्टींची सगळ्यात जास्त गल्लत होते आणि ती गल्लत चालू असताना कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण तोवर महिन्याच्या महिन्याला पैसे येत असतात. एक म्हणजे कमिशनवर तुमचा हक्क कधी बसला, आणि दुसरं म्हणजे ते पैसे कंपनीने कधी द्यायचे. पहिली गोष्ट ऑर्डर आली तेव्हाच घडू शकते आणि दुसरी चार महिन्यांनी. मध्ये करार संपला तर काय, हा सगळा प्रश्न आहे.

उदाहरण घेऊ, आकडे मी सोपे धरलेत. कोल्हापूरचा एक एजंट, भोसरीच्या एका कंपनीचे सिरॅमिक फिल्टर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना विकतो, म्हणजे ओतकामात धातू गाळायला लागतात ते. कमिशन ४ टक्के, बेसिक किमतीवर, जीएसटी आणि भाडं सोडून. कंपनीने नोटीस दिली आणि ३१ ऑगस्टला करार संपला. तेव्हा पहिल्या फाउंड्रीची ६ लाखांची ऑर्डर जूनमधली, माल जुलैमध्ये गेलेला, पण क्रेडिट ९० दिवसांचं म्हणून पेमेंट ऑक्टोबरमध्ये येणार. दुसरीची पीओ २० ऑगस्टची, साडेतीन लाखांची, माल सप्टेंबरमध्ये जाणार. तिसरीची एप्रिल ते मार्च अशी वर्षाची ओपन पीओ, महिन्याला २ लाखांचं शेड्यूल, त्यातली पाच महिन्यांची शेड्यूल झाली, सात बाकी. आणि पहिल्याच फाउंड्रीने नोव्हेंबरमध्ये परत ५ लाखांची ऑर्डर थेट कंपनीला दिली.

आता करारात एका वाक्याने काय होतं बघा. समजा लिहिलंय की "कराराच्या मुदतीत कंपनीने लेखी स्वीकारलेल्या प्रत्येक ऑर्डरवर कमिशन पक्कं होईल आणि ग्राहकाचं पेमेंट येईल त्या प्रमाणात दिलं जाईल". मग पहिल्या ऑर्डरचे २४,००० आणि दुसरीचे १४,००० एजंटचे आहेत, करार संपला तरी. ऑक्टोबरमध्ये फाउंड्रीने ६ पैकी ४ लाखच दिले तर तेव्हा १६,००० देय होतात, उरलेले ८,००० पक्के आहेत पण अजून देय नाहीत. आणि समजा लिहिलंय की "कराराच्या मुदतीत मिळालेल्या पेमेंटवर कमिशन देण्यात येईल". वाचायला जवळपास तेच वाटतं ना? पण आता कंपनी म्हणणार की ३१ ऑगस्टनंतर आलेलं पेमेंट मुदतीतलं नाही, आणि ३८,००० मधला एक रुपयाही द्यायचा नाही. म्हणून करार हातात आला की आधी "कराराच्या मुदतीत" हे शब्द शोधा आणि ते कशाला चिकटलेत ते बघा, ऑर्डरला, डिस्पॅचला की पेमेंटला.

कंपनीची बाजूही खोटी नाही बरं का. ग्राहकाने पैसेच बुडवले तर कमिशन कशाला द्यायचं, हे रास्तच आहे. पण त्यासाठी हक्क पेमेंटवर ढकलायची गरज नाही, बुडीत रकमेवर आणि रिजेक्शनच्या क्रेडिट नोटवर कमिशन वजा होईल असं वेगळं लिहिलं की काम भागतं.

कायदा वाचवेल अशी आशा फार धरू नका. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २१९ सांगतं की वेगळा करार नसेल तर एजंटचं काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही, पण "काम" म्हणजे ऑर्डर आणणं की वसुली करून देणं हे तुमच्या करारावरूनच ठरणार. इंग्लंडमधला लक्झर विरुद्ध कूपर हा १९४१ चा गाजलेला निकाल याच मुद्द्यावरचा आहे, थिएटरं विकून देणाऱ्या एजंटला विक्री पूर्ण झाल्यावर १०,००० पौंड मिळणार होते, त्याने तयार गिऱ्हाईक आणलं, मालकांनी विकलंच नाही, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने कमिशन नाकारलं कारण अट विक्री पूर्ण होण्याची होती. मेहनत पुरी झाली होती तरी.

आता रिपीट ऑर्डर, इथे खरं भांडण होतं. ओपन पीओची उरलेली सात शेड्यूल म्हणजे १४ लाखांचा माल, ५६,००० कमिशन. एजंट म्हणतो पीओ माझ्या काळात स्वीकारली, कंपनी म्हणते प्रत्येक शेड्यूल ही वेगळी ऑर्डर, पीओ म्हणजे नुसता रेट ठरलेला. दोघांच्याही म्हणण्यात दम आहे, म्हणून "ऑर्डर" या शब्दाची व्याख्या करारात हवी आणि तीत ओपन पीओचं नाव घेऊन लिहायला हवं. नोव्हेंबरची ५ लाखांची ऑर्डर मात्र तशी नाही, ती करार संपल्यावर नव्याने आलेली, तिचे २०,००० लिहून घेतलेले नसतील तर मिळवणं फार अवघड. युरोपात आणि ब्रिटनमध्ये माल विकणाऱ्या स्वतंत्र एजंटला करार संपल्यावर, त्याच्याच प्रयत्नातून ठराविक वाजवी काळात झालेल्या सौद्यांवर कमिशन देणारा नियमच आहे, ब्रिटनमध्ये १९९४ पासून. आपल्याकडे तसा कायदा नाही. कलम २०५ आणि २०६ आहेत, पण ती मुदतीआधी विनाकारण काढलं तर भरपाई आणि वाजवी नोटीस यांच्याबद्दल, पुढच्या ऑर्डरींबद्दल नाहीत.

म्हणून शेपूट लिहून घ्यायचं, म्हणजे करार संपल्यावर उदाहरणार्थ पहिले सहा महिने पूर्ण दर आणि पुढचे सहा महिने अर्धा, फक्त सोबतच्या यादीतल्या ग्राहकांसाठी. यादी जिवंत ठेवा, नवा ग्राहक जोडला की त्याच दिवशी मेल करून कंपनीचा होकार घ्या, नाहीतर नंतर "हा आमचा जुनाच ग्राहक" हे ऐकावं लागतं. माझ्या मते कायमस्वरूपी कमिशन मागण्यापेक्षा अशी ठराविक मुदत मागितलेली बरी, कंपनी ती मान्यही करते आणि नव्या एजंटला जागाही राहते.

बाहेर पडल्यावर माल किती गेला आणि पेमेंट कधी आलं हे तुम्हाला कळणार कसं? सगळी बिलं कंपनीकडे. १९६६ मध्ये नारणदास मोरारदास गाझीवाला प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की खास परिस्थितीत, हिशेब फक्त मालकाकडेच असेल तर, एजंटही हिशेब मागण्याचा दावा करू शकतो. पण कोर्टापर्यंत जाण्यापेक्षा शेवटचं पेमेंट येईपर्यंत दर महिन्याला स्टेटमेंट देण्याचं कलमच घालून घ्या. आणि एक साधी तपासणी, तुमचा २६एएस उघडा. कमिशनवरचा टीडीएस, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के, पैसे देताना किंवा खात्याला जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे पैसे न येता टीडीएस दिसला तर कंपनीने स्वतःच्या वह्यांत तुमचं कमिशन मांडलंय, आणि "हक्कच बसला नव्हता" हे म्हणणं तिला जड जातं.

नोटीस आली की लगेच पेंडिंग ऑर्डरींची यादी पीओ नंबर, तारीख, रक्कम टाकून मेलने पाठवा. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि ती पैसे देय झाल्यापासून मोजतात, म्हणजे आपल्या उदाहरणात जूनमध्ये पक्क्या झालेल्या त्या २४,००० पैकी १६,००० चं घड्याळ ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि उरलेल्या ८,००० चं फाउंड्री बाकीचे २ लाख देईल तेव्हा.