तीन महिन्यांची गोळी, वर्षभराचे नख

पावसाळा लागला की फोनवर जाहिरातींना ऊत येतो: ‘सात दिवसांत नखाची बुरशी गायब!’ पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. सात दिवसांत नवे नख येणार कुठून?

समजा, म्हापशाच्या एका हॉटेलात दिवसभर बंद बूट घालून वावरणारा माणूस आहे. अंगठ्याचे नख पिवळे, जाड, भुसभुशीत, आणि रोग पार मुळापर्यंत गेलेला. आधी नखाखालचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, कारण खराब दिसणारी निम्मी नखे बुरशीची नसतातच. सोरायसिस किंवा बुटाचा मारही नख असेच करतो.

एक-दोन नखांचा टोकाकडचा भागच बिघडला असेल, तर अमोरोल्फिनचे पाच टक्क्यांचे लाखेसारखे औषध चालते. नख कानशीने घासून आठवड्यातून एक-दोनदा लावायचे, तेही नऊ महिने ते वर्षभर. पण जाड नखातून ते मुळापर्यंत पोचत नाही. म्हणून या माणसाला गोळी: टर्बिनाफिन, रोज 250 मिलिग्रॅम, 12 आठवडे.

हिची करामत मला फार आवडते. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागते आणि ते स्क्वालीन या कच्च्या मालापासून बनते. ही गोळी त्या कामाचे विकर अडवते. एर्गोस्टेरॉलचा तुटवडा पडतो आणि साठलेले स्क्वालीनच पेशीला मारक ठरते. वर हे औषध नखाच्या केराटिनला चिकटते आणि गोळी थांबल्यावरही काही महिने तिथे टिकते.

आता हिशेब करा. नख 18 मिलिमीटर धरले, तर 12 आठवड्यांत नवे नख चार-साडेचार मिलिमीटरच येते. गोळी संपते तेव्हा नख वाईटच दिसते आणि लोक ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणत माडाच्या व्हिनेगरमध्ये पाय बुडवून बसतात! त्याऐवजी निरोगी भागाच्या सीमेवर कानशीने बारीक खूण करावी. ती नखासोबत पुढे सरकते. पिवळेपणा तिच्या पुढेच राहिला तर औषध लागू पडले. तो खूण ओलांडून मुळाकडे आला तर परत डॉक्टरांकडे जावे. पूर्ण नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागते.

गोळीआधी लिव्हरची रक्ततपासणी हवी. जुना यकृतविकार असेल तर ही गोळी देत नाहीत, आणि रोजच्या फेणीची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. गंभीर इजा विरळाच होते. पण भूक मेली, मळमळ सुटली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना गाठावे. काहींची चवही जाते. ती बहुधा परत येते.

नख बरे झाले तरी बुरशी बोटांमधल्या चिखल्यांत आणि जुन्या बुटांत दबा धरून बसते. चिखल्यांना बुरशीनाशक मलम लावावे. स्टेरॉइड मिसळलेले मिश्रण मात्र नको, त्याने खाज दबते आणि बुरशी फोफावते. जून-जुलैत बूट एका रात्रीत वाळत नाहीत, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरावेत. मोजे रोज बदलावेत आणि नेलकटर घरात कुणाशी वाटून घेऊ नये.