अटेंशनचा उजळ चौकोन आणि मॉडेलचं खरं कारण

वाक्यातल्या शब्दांवर कमी-जास्त गडद रंग चढवायचा आणि म्हणायचं, ‘मॉडेलनं या शब्दाकडे बघून निर्णय घेतला.’ ही सवय लागली ती भाषांतरापासून. २०१४ मध्ये बाहदानाउ, चो आणि बेंजिओ यांनी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करणाऱ्या मॉडेलला अटेंशन जोडलं. फ्रेंचमधला प्रत्येक शब्द लिहिताना मॉडेल मूळ इंग्रजी शब्दांना वजनं वाटायचं आणि त्यांची बेरीज १ व्हायची. ही वजनं त्यांनी चौकोनांच्या तक्त्यात छापली. उजळ चौकोन बहुतेक ठिकाणी तिरप्या रेषेत उतरत होते, पण ‘युरोपियन इकॉनॉमिक एरिया’पाशी ती रेष उलटी वळली, कारण फ्रेंचमध्ये हे तिन्ही शब्द उलट्या क्रमानं येतात. दोन्ही भाषा जाणणाऱ्याला तक्ता बरोबर आहे हे बघताक्षणी पटत होतं.

हे पटणं नेमकं कशामुळे होतं, ते आधी लक्षात घ्यायला हवं. त्या मॉडेलमध्ये अटेंशनचा एकच टप्पा होता. शिवाय कुठला इंग्रजी शब्द कुठल्या फ्रेंच शब्दाशी जुळतो, याचं उत्तर माणसाला आधीच माहीत होतं, त्यामुळे तक्ता ताडून बघता येत होता. पुढे हीच पद्धत चित्रपटाचं परीक्षण चांगलं की वाईट, रुग्णाला अमुक आजार आहे की नाही, अशा वर्गीकरणाच्या कामांना लावली गेली. तिथे ताडून बघायला असं काही नव्हतं. रंगवलेला शब्द आपल्याला पटतो आणि मॉडेलचा निर्णय त्या शब्दावर उभा असतो, या दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्या गेल्या.

२०१९ मध्ये सार्थक जैन आणि बायरन वॉलेस यांनी या समजुतीला सरळ हात घातला. शिकून तयार झालेलं मॉडेल त्यांनी जसंच्या तसं ठेवलं, फक्त अटेंशनची वजनं मुद्दाम बदलली आणि उत्तर हलतं का ते पाहिलं. चित्रपटाच्या एका नकारात्मक इंग्रजी परीक्षणात मूळ वजन ‘वेस्ट’, म्हणजे ‘वाया’, या शब्दावर एकवटलं होतं. ते तिथून उचलून भलत्याच मामुली शब्दांवर टाकलं, तरी मॉडेलचा अंदाज ०.०१, म्हणजे ठाम नकारात्मक, असाच राहिला. पूर्णपणे वेगळी दोन चित्रं आणि उत्तर एकच, तर त्यातलं कारण म्हणून कुठलं धरायचं? त्याच वर्षी सोफिया सेरानो आणि नोआ स्मिथ यांनी सर्वात मोठं वजन शून्य करून बाकीची वजनं पुन्हा बेरीज १ होईल अशी बसवली. बहुतेक वेळा निर्णय पालटलाच नाही.

सारा विग्रेफ आणि युवाल पिंटर यांनी यावर घेतलेला आक्षेप रास्त होता. मॉडेलचा बाकीचा भाग गोठवून नुसती वजनं, तीही प्रत्येक वाक्यासाठी वेगवेगळी फिरवली, तर हाती येतं ते प्रत्यक्षात कधी शिकून तयार झालेलं मॉडेलच नसतं. शिवाय काही डेटासेटवर सगळ्या शब्दांना सारखं वजन दिलं तरी गुण फारसे घसरत नव्हते. म्हणजे तिथे अटेंशनची गरजच नव्हती, मग ते कारण आहे का हा प्रश्नही तिथे लागू होत नाही. वाद ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा सुटला नाही. मात्र हे सगळे प्रयोग मुख्यतः एलएसटीएमवर, म्हणजे शब्द एकामागून एक वाचणाऱ्या जुन्या रचनेवर झाले होते. ट्रान्सफॉर्मर या नव्या रचनेत अटेंशनचे अनेक थर एकावर एक असतात, तिथे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो.

बर्ट या ट्रान्सफॉर्मर मॉडेलच्या मूळ लहान आवृत्तीत १२ थर आणि प्रत्येक थरात स्वतंत्रपणे वजनं वाटणारी १२ हेड, म्हणजे १४४ वेगवेगळे तक्ते असतात. २०१९ मध्ये केव्हिन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ते तपासले तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. थर ६ ते १० मध्ये निम्म्याहून जास्त अटेंशन `[SEP]` कडे जात होतं. हे टोकन केवळ वाक्य कुठे संपलं ते सांगतं. १२८ टोकनांच्या तुकड्यात ते दोनदा येतं, म्हणजे वाटणी समान असती तर त्याच्या वाट्याला सुमारे १/६४ आलं असतं. पण ग्रेडियंट काढून पाहिलं, तर पाचव्या थरापासून पुढे `[SEP]` वरचं अटेंशन थोडं कमी-जास्त केल्यानं उत्तरावर जवळपास काहीच परिणाम होत नव्हता. त्यांनी लावलेला अर्थ असा: एखादं हेड कर्म आणि क्रियापद जोडण्याचं काम करत असेल आणि समोरचा शब्द कर्म नसेलच, तर त्या हेडला करण्यासारखं काही उरत नाही. पण वजनांची बेरीज १ व्हायलाच हवी, त्यामुळे उरलेलं वजन निरुपद्रवी जागी टाकलं जातं.

ही जागा निरुपद्रवी का, हे गोरो कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं. हेड पुढे पाठवतं ते नुसतं वजन नसतं. वजन गुणिले त्या टोकनचा बदललेला व्हेक्टर, म्हणजे त्याचा अर्थ साठवणारी आकड्यांची रांग, असा तो हिशेब असतो:

```
y_i = Σ_j α_ij · f(x_j)
```

रंगीत चित्रात फक्त `α`, म्हणजे वजन, दिसतं; `f(x)` ची लांबी दिसत नाही. समजण्यासाठी ‘जागा लहान पण जेवण उत्तम’ हे वाक्य घेऊ आणि एका हेडमध्ये `[CLS]` च्या, म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला जोडलेल्या आणि वर्गीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या टोकनच्या ओळीत पुढील वजनं आहेत असं धरू. `[SEP]` ला ०.७०, ‘उत्तम’ला ०.१०, ‘पण’ला ०.०८ आणि उरलेल्या चार टोकनांना प्रत्येकी ०.०३. चित्रात `[SEP]` ‘उत्तम’पेक्षा सात पटींनी गडद दिसेल. आता `[SEP]` च्या व्हेक्टरची लांबी ०.३ आणि ‘उत्तम’ची ४ असेल, तर प्रत्यक्ष पुढे गेलेला वाटा अनुक्रमे ०.२१ आणि ०.४० होतो. दिसतं त्याच्या बरोबर उलट. बर्टमध्ये नेमका हाच कल सापडला: `[CLS]`, `[SEP]`, पूर्णविराम, स्वल्पविराम यांना वजन मोठं, पण व्हेक्टर आखूड. भाषांतराच्या ट्रान्सफॉर्मरवरही त्यांनी हा गुणाकार वापरला, तेव्हा शब्दांच्या जोड्या नुसत्या वजनांपेक्षा बऱ्याच अचूक जुळल्या. २०१४ च्या तक्त्यात जे सहज दिसत होतं, ते नव्या रचनेत व्हेक्टरची लांबी मोजल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी अडचण थरांच्या उंचीची आहे. सातव्या थरात ‘उत्तम’च्या जागी असलेला व्हेक्टर एकट्या ‘उत्तम’चा नसतो, त्यात खालच्या सहा थरांनी ‘जेवण’, ‘पण’ सगळं कालवलेलं असतं. वरच्या थराचं वजन त्या जागेला मिळतं, त्या शब्दाला नाही. म्हणूनच शेवटच्या थरातल्या बारा हेडची सरासरी काढून शब्द रंगवणं, जे सर्रास केलं जातं, ते सर्वात कमी भरवशाचं आहे. सामीरा अबनार आणि विलेम झाउडेमा यांनी २०२० मध्ये प्रत्येक थराचा तक्ता अर्धा आणि ‘शब्द जसाच्या तसा पुढे’ हा अर्धा असं धरून सगळे थर गुणण्याची रीत दिली. तिनं मिसळण्याचा हिशेब सुधारतो, पण व्हेक्टरची लांबी तीही बघत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर हगिंगफेसच्या ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररीत मॉडेल उघडताना `attn_implementation="eager"` द्या आणि चालवताना `output_attentions=True`. वेगवान `sdpa` प्रकार वजनांचा तक्ता परत देत नाही. मग सर्वात गडद शब्द `[MASK]` या झाकणाऱ्या टोकननं झाका आणि लॉजिट, म्हणजे मॉडेलनं निर्णयाला दिलेला कच्चा गुण, किती हलला ते नोंदवा. त्याच वाक्यातला यादृच्छिक निवडलेला शब्द झाकून पुन्हा मोजा. हे शंभरेक वाक्यांवर करून दोन्ही फरक जवळपास सारखे आले, तर तो रंग निर्णयाबद्दल काही सांगत नाही. इथेही एक खाच आहे: झाकलेलं वाक्य मॉडेलला अनोळखी असतं, त्यामुळे लॉजिट कधी शब्द गेल्यानं हलतो, तर कधी वाक्य विचित्र झाल्यानं. म्हणून `[MASK]` बरोबर त्या जागी शोभणारा दुसरा साधा शब्द घालूनही बघावं. ‘उत्तम’च्या जागी ‘ठीक’ घातल्यावर लॉजिट पडला आणि ‘जागा’च्या जागी ‘खोली’ घातल्यावर पडला नाही, तर निदान या वाक्यापुरतं बोट ‘उत्तम’वर ठेवता येतं.