अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झालेल्या महिलेने 2013 च्या कायद्यानुसार करावयाची लेखी तक्रार. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात, शाखा वेगळ्या असतील तर शाखागणिक, मालकाने अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. वरिष्ठ पदावरील महिला तिची अध्यक्ष असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा, बहुधा स्वयंसेवी संस्थेतला असतो. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

अनेक तक्रारी अडकतात त्या मुदतीत. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. प्रकार वारंवार घडला असेल, तर शेवटच्या घटनेपासून मोजतात. उशिराचे कारण पटल्यास समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, त्यापुढे नाही. साहेबांच्या किंवा एचआरच्या कानावर घातले म्हणजे तक्रार झाली, असे अनेकींना वाटते, आणि ‘बघू’ म्हणण्यात महिने निघून जातात. मुदत मोजताना धरली जाते ती लेखी तक्रार. लिहिणे जमत नसेल, तर लिहून देण्यास मदत करणे हे समितीचेच काम आहे.

कोलकात्यातील एका विद्यापीठातील प्राध्यापिकेने एप्रिल 2023 मधील शेवटच्या घटनेबद्दल 26 डिसेंबरला स्थानिक समितीकडे तक्रार दिली. एप्रिलनंतर आपल्याला पदावरून दूर केले हाही छळाचाच भाग, असे तिचे म्हणणे होते. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई प्रशासकीय मानली आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. म्हणून अर्जात प्रत्येक प्रसंगाची तारीख, जागा आणि नेमके शब्द वा कृती लिहावी. ‘नेहमी त्रास देतात’ एवढ्यावरून शेवटची घटना ठरत नाही. संदेशांचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावे-पत्ते जोडून अर्जाच्या सहा प्रती द्याव्यात, असे नियम सांगतात.

समितीने सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत जिच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीला पाठवायची, तिने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशी नव्वद दिवसांत संपवून पुढच्या दहा दिवसांत अहवाल द्यायचा. मालकाने त्यावर साठ दिवसांत कार्यवाही करायची. सुनावणीत अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील कोणालाच आणता येत नाही. दरम्यान तक्रारदार लेखी मागणी करून बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळवू शकते. तडजोड तिनेच मागितली तर चौकशीपूर्वी करता येते, मात्र पैशांच्या मोबदल्यात नाही.

तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. खोटेपणाबद्दल कारवाईसाठी दुष्ट हेतू स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. अहवाल मान्य नसल्यास नव्वद दिवसांत अपील करता येते.