फेडीनंतरही उरणारा सिंकिंग फंड

एका कंपनीने डिबेंचर काढून १० लाखांचे कर्ज उभारले आहे आणि ते डिबेंचर पाच वर्षांनी दर्शनी किमतीला फेडायचे आहेत. दर वर्षी दोन लाख बाजूला ठेवले तर काम भागेल, पण ते पैसे ५ टक्क्यांनी गुंतवले तर तेवढेही लागत नाहीत. दर वर्षअखेरीस एक रुपया टाकत गेलो, तर पाचव्या वर्षाच्या शेवटी ५.५२५६ रुपये होतात. १० लाखांना याने भागले की हप्ता निघतो: १,८०,९७५ रुपये.

पहिल्या वर्षअखेरीस नफ्यातून एवढी रक्कम सिंकिंग फंड या फेडीसाठी राखलेल्या खात्यात वर्ग होते आणि तेवढ्याचेच रोखे घेतले जातात. दुसऱ्या वर्षी ९,०४९ रुपये व्याज येते. ते हप्त्यात मिळवून १,९०,०२४ रुपयांचे नवे रोखे घ्यायचे. व्याज खर्चून टाकले, तर शेवटी सुमारे ९५ हजार कमी पडतात. चौथ्या वर्षअखेरीस गुंतवणूक ७,८०,०२५ वर पोहोचते. पाचव्या वर्षीचे ३९,००१ रुपये व्याज आणि शेवटचा हप्ता मात्र गुंतवायचा नाही, कारण आज घेऊन आजच विकण्यात काय अर्थ? विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. बेरीज १०,००,००१ येते. वरचा रुपया पूर्णांकांचा प्रसाद.

आता खरी गंमत. फंडात पैसे नसतातच! ताळेबंदात तो देयतांच्या बाजूला बसतो; लाभांश म्हणून न वाटलेल्या नफ्याची ती नोंद असते. पैसे असतात समोरच्या बाजूला, रोख्यांत. नुसती नोंद केली आणि रोखे घेतलेच नाहीत, तर नफा यंत्रांत आणि मालाच्या साठ्यात अडकून राहतो आणि फेडीच्या दिवशी बँकेत खडखडाट. म्हणून ताळेबंद वाचताना फंडाइतकीच गुंतवणूक दिसते का, ते आधी बघावे.

पण रोखे असूनही फसगत होऊ शकते. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव उतरतो. समजा, ७,८०,०२५ चे रोखे ७,५०,००० ला विकावे लागले, तर ३०,०२५ चा तोटा फंडातून वजा होतो आणि तेवढे पैसे इतरत्रून उभे करावे लागतात. यावर उपाय म्हणजे पहिल्या वर्षी चार वर्षांचे, पुढच्या वर्षी तीन वर्षांचे, असे फेडीच्याच तारखेला मुदत संपणारे रोखे घेणे. मग विकायची वेळच येत नाही. मात्र मधल्या काळात दर उतरले, तर नव्या गुंतवणुकीवरचे व्याज कमी पडते आणि पुढचा हप्ता वाढवावा लागतो.

डिबेंचर फिटल्यावर रोखे संपतात, पण फंडाचे खाते शिल्लक राहते. ती शिल्लक सर्वसाधारण राखीव निधीत वर्ग होते. पाच वर्षे लाभांशापासून अडवून ठेवलेला तो नफा आता भागधारकांना मोकळा झालेला असतो.