इंजिनाच्या गरमीनं ड्रायव्हरची ताकद जाते का?

“वीस वर्षं केबिनमध्ये बसून गरमी अंगात मुरली, आता बायकोजवळ जावंसंच वाटत नाही. सगळ्याच ड्रायव्हरांचं असं होतं ना?”

नाही. सततच्या उष्णतेनं शुक्रजंतू कमी होऊ शकतात, पण इच्छा मरत नाही. मुंबई-नागपूर मार्गावरचा पंचेचाळिशीचा एक ड्रायव्हर घ्या. दोन वर्षं तो हेच म्हणत ढाब्याजवळून ‘ताकदीच्या’ पुड्या घेत होता. पाण्याचा पाच लिटरचा कॅन संध्याकाळपर्यंत रिकामा, रात्री चारदा लघवी. तेही त्यानं गरमीच्याच खात्यावर टाकलं. टोलनाक्याजवळच्या आरोग्य शिबिरात बोटाला सुई टोचली, साखर निघाली 312. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत उपाशीपोटी 188. 126 पासून पुढे मधुमेह धरतात.

वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करते, म्हणून ताठरता जाते. मधुमेहात अनेकांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही घटतं, आणि ओढ ओसरते ती बऱ्याचदा त्यामुळे. ते सकाळी रक्तातून तपासतात. साखर आटोक्यात आली की थकवा लवकर हटतो. नसांचं नुकसान मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही. पुड्यांत कधी सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं असतं. छातीदुखीसाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याचा रक्तदाब त्यानं जिवावर बेतेल इतका कोसळतो.